पहिल्या रविवारचा धडा दहाव्या रविवारी

*आदरणीय सर, इंदूरच्या राजेंद्रनगरात मी दर रविवारी दीड तासाचा मराठीचा वर्ग घेते. सहावी ते आठवीची अठरा मुले येतात. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. आठ रविवारी व्याकरणाचे आठ घटक, नवव्या रविवारी पूर्ण उजळणी आणि दहाव्या रविवारी घटक चाचणी असा माझा क्रम आहे. उजळणीच्या दिवशी मुलांना सगळे येत असते. आठवड्याने चाचणीत मात्र लिंग, वचन आणि सामान्यरूप हे पहिले तीन घटक पार पुसले गेलेले दिसतात. उजळणीला दोन रविवार द्यावेत तर घटक पुरे होत नाहीत. पुढचा गट दोन आठवड्यांत सुरू होईल. जुने घटक चाचणीआधी परत कसे आणावेत?*

*— एक शिक्षिका, राजेंद्रनगर, इंदूर*

ताई, सप्रेम नमस्कार.

उजळणीला आणखी एक रविवार देऊ नका. आहे तोच नववा रविवार मोडा, त्यातली मिनिटे दुसऱ्या ते आठव्या रविवारच्या सुरुवातीला वाटून टाका आणि त्या मिनिटांत काहीही समजावून न सांगता आधी मुलांकडून आठवून लिहून घ्या. मिनिटे वाटण्याइतकेच त्या मिनिटांत काय करायचे हेही महत्त्वाचे आहे. दर रविवारी जुना घटक फळ्यावर पुन्हा मांडला, तर नवव्या रविवारची उजळणी सात तुकड्यांत होईल, एवढेच; चाचणीतले चित्र फारसे बदलणार नाही.

उजळणीच्या दिवशी मुलांना सगळे येते असे वाटते, ते खोटे नसते, पण ते त्या दिवसापुरतेच असते. फळ्यावर ‘घोडा, घोड्याला’ लिहिलेले समोर असताना ‘राजवाडा’ या शब्दाचे रूप करणे म्हणजे नमुन्यावरून नक्कल करणे. त्यात डोक्यातून काही शोधून काढावे लागत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला; मग काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. एका आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना उताऱ्याचा सुमारे ५६ टक्के आणि पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के भाग आठवला. आपली उजळणी आणि चाचणी यांतही नेमका एक आठवडाच आहे. म्हणून उजळणीच्या दिवशीच्या उत्तरांवरून चाचणीचा अंदाज बांधणे सोडून द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता वेळापत्रक. आपले पहिले तीन घटक पत्रावरून कळले. उरलेले पाच मी असे धरतो: चौथा सर्वनाम, पाचवा विशेषण, सहावा भूतकाळातील क्रियापद, सातवा शब्दयोगी अव्यये आणि आठवा ऱ्हस्व-दीर्घ. आपला क्रम वेगळा असला तरी रीत तीच राहील. प्रत्येक घटक शिकवल्यानंतर तो पुढच्या रविवारी, मग तिसऱ्या रविवारी आणि मग सहाव्या रविवारी परत येईल, म्हणजे शिकवल्या दिवसापासून एक, तीन आणि सहा आठवड्यांनी. कागदावर मांडून पाहा. दुसऱ्या रविवारी फक्त लिंग विचारले जाईल आणि तिसऱ्या रविवारी फक्त वचन. चौथ्या रविवारी लिंग आणि सामान्यरूप, पाचव्या रविवारी वचन आणि सर्वनाम, सहाव्या रविवारी सामान्यरूप आणि विशेषण येतील. सातव्या रविवारी लिंग, सर्वनाम व भूतकाळ, आठव्या रविवारी वचन, विशेषण व शब्दयोगी, आणि नवव्या रविवारी सामान्यरूप, भूतकाळ व ऱ्हस्व-दीर्घ. कोणत्याही रविवारी तीनपेक्षा जास्त जुने घटक येत नाहीत, हे या मांडणीचे खरे सुख आहे. याउलट प्रत्येक जुना घटक दर रविवारी विचारायचे ठरवले, तर आठव्या रविवारी सात घटक साचतात आणि नवीन धड्याला वेळच उरत नाही. उत्साहाने सुरू झालेली अशी वेळापत्रके पाचव्या-सहाव्या आठवड्यात बंद पडलेली मी पाहिली आहेत, आणि शिक्षक मग त्याचा दोष स्वतःच्या शिस्तीला देतात, जो मुळात मांडणीचा असतो.

एक, तीन, सहा ही अंतरे कुठून आली, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर ती मंत्रासारखी पाळली जातील. निकोलस सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,३५० हून अधिक लोकांना अपरिचित माहिती शिकवली, काही दिवसांनी एकदा तिची उजळणी घेतली आणि त्यानंतर ठरावीक काळाने चाचणी घेतली. उजळणीनंतर ३५ दिवसांनी चाचणी असेल, तर शिकणे आणि उजळणी यांत सुमारे ११ दिवसांचे अंतर सर्वांत उपयोगी ठरले. ७० दिवसांनी असेल, तर सुमारे २१ दिवसांचे. म्हणजे चाचणी जितकी दूर, तितके अंतर मोठे असलेले बरे, आणि आपल्यासारख्या दहा आठवड्यांच्या गटात ते दिवसांत न मोजता आठवड्यांत मोजावे. पण त्या अभ्यासात मोठी माणसे सुटी-सुटी माहिती शिकत होती आणि उजळणी एकदाच होती. बारा वर्षांच्या मुलाला सामान्यरूपासारखा नियम पहिल्यांदा तीन आठवड्यांनी विचारला, तर बहुतेकांना काहीच आठवणार नाही, आणि जिथे काही आठवतच नाही तिथे आठवण्याचा सराव होत नाही. म्हणून पहिली भेट एका आठवड्याने ठेवली आहे, पुढच्या भेटी लांबवल्या आहेत. या आकड्यांना फार घट्ट धरून बसू नका. अंतरे वाढती ठेवावीत की समान, याने अनुभवात फारसा फरक पडत नाही. मधे आठवडे जाणे आणि मुलाला स्वतः आठवावे लागणे, या दोन गोष्टी सांभाळल्या की पुरे. एखादा रविवार गणेशोत्सवात किंवा दिवाळीत गेला, तर कोणतीही ओळ गाळू नका. सगळे वेळापत्रक एका आठवड्याने खाली सरकवा आणि चाचणीही सरकवा.

वेळेचा हिशेब असा. एका घटकाला चार मिनिटे धरा: दोन मिनिटे लिहायला, दोन मिनिटे तपासायला. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी चार-चार मिनिटे, चौथ्या ते सहाव्या रविवारी आठ-आठ, सातव्या आणि आठव्या रविवारी बारा-बारा. सगळी मिळून ५६ मिनिटे. नवव्या रविवारच्या दीड तासातून ती सहज भागतात, पण एक अडचण राहते, कारण सातव्या आणि आठव्या रविवारच्या नवीन धड्यातून बारा मिनिटे जातात. ती भरून काढायला आठव्या घटकातील अपवाद नवव्या रविवारी ढकला. आठव्या रविवारी ‘फूल, फुलाला’ आणि ‘बहीण, बहिणीला’ एवढे पक्के होऊ द्या. ‘शरीर, शरीरात’ यासारखे तत्सम शब्द, ज्यांत उपान्त्य दीर्घ तसाच राहतो, ते नवव्या रविवारी शिकवा आणि या चाचणीत त्यांवर प्रश्न ठेवू नका. त्यांना परत येण्याची एकही संधी मिळालेली नसेल.

ती मिनिटे वर्गाच्या अगदी सुरुवातीला घ्या, नवीन विषय काढण्याआधी. पाठकोऱ्या कागदाचे चार तुकडे करून प्रत्येकाला एक द्या, वह्या दप्तरात ठेवायला सांगा आणि फळा कोरा असू द्या. मागच्या वर्गाचे काही लिहिलेले उरले असेल तर आधी पुसा, कारण कोपऱ्यात राहिलेला एक शब्दही अर्ध्या वर्गाचे आठवणे वाचवतो. प्रत्येक घटकाचे तीन छोटे प्रश्न तोंडी सांगा आणि मुलांना गप्प बसून लिहू द्या. एखादे मूल कपाळाला आठ्या घालून बसले आहे हे बघून आपल्याला ‘अरे, शेवटी आ आहे ना?’ असे सुचवावेसे वाटेल. तो मोह त्या दोन मिनिटांपुरता आवरा. ज्या क्षणी आपण सुचवतो, त्या क्षणी आठवण्याचे काम मुलाकडून आपल्याकडे येते. लिहून झाले की लगेच बरोबर उत्तर फळ्यावर लिहा, प्रत्येकाने दुसऱ्या रंगाच्या पेनाने स्वतःची चूक दुरुस्त करावी, आणि प्रत्येक प्रश्नाला ‘बरोबर आले त्यांनी हात वर करा’ असे विचारून संख्या मोजा. उत्तर लगेच सांगण्यात चालढकल करू नये. चुकीचे रूप लिहून मूल तसेच पुढे गेले, तर ते त्याच्या हातात आणखी बसते.

हे लेखी असावे, यावर मी ठाम आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी जुने घटक तोंडी विचारीत असे. वर्गातून एका सुरात उत्तर येई, मी समाधानाने पुढे जाई, आणि चाचणीचे पेपर तपासताना थक्क होई. नंतर लक्ष देऊन ऐकले तेव्हा कळले की दोन मुली आधी बोलत आणि बाकीचा वर्ग अर्ध्या क्षणाने त्यांच्या मागे येई. कागदाच्या तुकड्यावर तसे होत नाही.

प्रश्न कसे असावेत, यावर थोडा वेळ थांबतो, कारण बहुतेक वर्गांत वेळापत्रक बरोबर असते आणि प्रश्न चुकीचे असतात. ‘नामाचे लिंग म्हणजे काय?’ हा प्रश्न तीनदा विचारला, तर मूल व्याख्या पाठ करील आणि ‘माझी पुस्तक’ म्हणतच राहील. आपल्याला व्याख्या हवी आहे की रूप हवे आहे, हे आधी ठरवा. मी रूप मागेन. शिवाय प्रत्येक वेळी शब्द नवे घ्या. आपल्या पहिल्या घटकाच्या तीन भेटी मी अशा आखेन. दुसऱ्या रविवारी तो, ती किंवा ते लावायला सांगायचे आणि शब्द द्यायचे पुस्तक, चहा, आवाज. हे तिन्ही शब्द मुद्दाम घेतले आहेत. हिंदीत पुस्तक, चाय आणि आवाज तिन्ही स्त्रीलिंगी आहेत, मराठीत मात्र ते पुस्तक, तो चहा, तो आवाज. चौथ्या रविवारी नवे शब्द: दुकान, नाक, नदी. पहिले दोन हिंदीत स्त्रीलिंगी आणि मराठीत नपुंसकलिंगी आहेत. नदी दोन्हीकडे स्त्रीलिंगीच आहे, आणि ती यासाठी ठेवली की ‘हिंदीच्या उलटे लिहावे’ असा सोपा नियम कोणी मनाशी बांधला असेल तर तो तिथेच उघडा पडावा. सातव्या रविवारी ‘लिंग’ हा शब्दच उच्चारू नका. ‘मी, मोठा, पुस्तक, विकत घेणे: भूतकाळात वाक्य लिहा’ एवढेच सांगा. कोणता नियम लावायचा हे चाचणीत मुलाला स्वतःच ओळखावे लागते, म्हणून निदान शेवटच्या भेटीत तरी घटकाचे नाव झाकलेले असावे.

या एका वाक्याकडे नीट पाहिले, तर आपल्याला केवढी तरी माहिती मिळते. अपेक्षित वाक्य आहे ‘मी मोठे पुस्तक विकत घेतले.’ एखाद्या मुलाने ‘मी मोठी पुस्तक विकत घेतली’ असे लिहिले, तर घाईत आपण दोन चुका मोजू, पण तिथे चूक एकच आहे. त्याने पुस्तक स्त्रीलिंगी धरले. एकदा तसे धरल्यावर विशेषणही बरोबर जुळवले आणि क्रियापदही. त्या मुलाला विशेषण किंवा भूतकाळ पुन्हा शिकवणे म्हणजे त्याचा वेळ घालवणे आहे. त्याला पहिला घटक हवा आहे. ‘मी मोठा पुस्तक विकत घेतले’ असे लिहिणाऱ्याला लिंग कळले आहे, क्रियापद तेच सांगते, पण विशेषण त्याने शब्दयादीतून जसेच्या तसे उचलले. त्याची अडचण पाचव्या घटकात आहे. आणि ‘मी मोठे पुस्तक विकत घेतलो’ असे आले, तर लिंग आणि विशेषण दोन्ही बरोबर असून भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, हे सहाव्या घटकातले सुटले आहे. सातव्या रविवारी लिंग आणि भूतकाळ दोन्ही वेळापत्रकात आहेतच, त्यामुळे हे एकच वाक्य दोन्ही घटकांसाठी मोजता येते. मात्र हात वर करायला सांगताना ‘पुस्तक नपुंसकलिंगी धरले त्यांनी’ आणि ‘क्रियापद पुस्तकाप्रमाणे लावले त्यांनी’ असे दोनदा वेगळे विचारा, म्हणजे ‘घेतली’ लिहिणाऱ्याचा दुसऱ्या प्रश्नाला हात वर येईल.

मोजलेल्या संख्या टाचणवहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा. उभ्या रकान्यांत रविवार, आडव्या ओळींत घटक, आणि चौकटीत अठरापैकी किती जणांचे बरोबर आले तो आकडा, एवढे पुरते. मुलांची नावे नकोत. या आकड्यांवरून काय करायचे, याची माझी स्वतःची पद्धत सांगतो. ती माझ्या अंदाजाने ठरलेली आहे, संशोधनाने नाही. अठरापैकी चौदा किंवा अधिक बरोबर असतील, तर घटकाला त्याच्या वेळापत्रकावर सोडून द्यावे. नऊ किंवा त्याहून कमी असतील, तर तिथल्या तिथे पाच मिनिटे तो पुन्हा शिकवावा आणि वेळापत्रकात नसला तरी पुढच्या रविवारी पुन्हा विचारावा. मधल्या आकड्याला चुकांची दुरुस्ती पुरे.

समजा, चौथ्या रविवारी सामान्यरूप विचारले. प्रश्न होते ‘राजवाडा + समोर’, ‘सराफा + त’ आणि ‘नदी + ला’. राजवाड्यासमोर सात जणांना आले, सराफ्यात सहा जणांना, नदीला सोळा जणांना. सरासरी काढली तर घटक मधल्या गटात पडेल आणि खरी गोष्ट झाकली जाईल. नदीचे रूप बदलतच नाही, त्यामुळे तिथे नियम माहीत नसलेल्यालाही गुण मिळतो. जे आठवले नाही ते आकारान्त पुल्लिंगी नामांचे या-कारान्त रूप आहे. म्हणून पाच मिनिटांत पुन्हा शिकवायचे ते एवढेच, सगळे सामान्यरूप नव्हे. पाचव्या रविवारी वचन आणि सर्वनाम यांच्या जोडीला ‘रस्ता + वर’ आणि ‘ओटा + वर’ हे दोन प्रश्न जादा घ्या. तिथे बारा-तेरा बरोबर आले की सहाव्या रविवारची ठरलेली भेट नेहमीसारखी होऊ द्या. जादा भेटीमुळे एखाद्या रविवारी चार घटक झाले, तर मागच्या वेळी ज्याचा आकडा सर्वांत मोठा होता तो घटक त्या दिवशी गाळावा. सहाव्या रविवारी आकडा पुन्हा थोडा खाली आला तरी घाबरू नये. दर भेटीला थोडे विसरलेले असणे हे अंतर योग्य असल्याचे लक्षण आहे. सगळ्यांना सगळे पटकन आठवत असेल, तर आपण फार लवकर विचारतो आहोत.

सगळे घटक सारखे विसरले जात नाहीत, आणि याला इंदूरचे वातावरण कारण आहे. मूल रविवारी ‘ते दुकान’ शिकते आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत शाळेत, रिक्षात, खेळताना ‘वो बड़ी वाली दुकान’ ऐकते. म्हणजे लिंगाचा घटक नुसता फिका होत नाही, त्याच्यावर रोज दुसरा रंग चढतो. सामान्यरूपाचेही थोडेफार तसेच. म्हणून पहिला आणि तिसरा घटक एखादी भेट जास्तच मागतील, आणि ती द्यावी. सर्वनामात उलट सोय आहे. आम्ही आणि आपण यांतला फरक पुस्तकी हिंदीत ‘हम’ या एकाच शब्दात लपतो, पण आपल्या इंदुरी बोलीत ‘अपन चलते हैं’ हे रात्रंदिवस कानावर असते, त्यामुळे ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तेव्हा आपण, हे आपल्या मुलांना फार लवकर उमगते. चौथ्या घटकाचा आकडा पाचव्या रविवारी चौदाच्या वर आला, तर सातव्या रविवारची त्याची चार मिनिटे खुशाल लिंगाला द्या.

काही घटक पुढच्या धड्यात आपोआपच परत येतात. सातव्या रविवारी शब्दयोगी अव्यये शिकवताना झाडाखाली, राजवाड्यासमोर, घोड्यावर असे प्रत्येक उदाहरण सामान्यरूपातूनच जाते, आणि आठव्या रविवारी ‘फूल, फुले, फुलाला’ म्हणताना वचनही येते आणि सामान्यरूपही. पण ही आपोआप झालेली भेट चौकटीत लिहू नका. तिथे रूपे आपणच फळ्यावर लिहिलेली असतात आणि मुले ती पाहून उतरवतात. तिला भेट म्हणायचे असेल, तर फळ्यावर ‘राजवाडा + समोर’ एवढेच लिहा, जोडलेले रूप आधी मुलांना कागदावर लिहू द्या आणि मगच धडा पुढे न्या.

गैरहजर मुलांचा प्रश्न प्रत्येक साप्ताहिक वर्गात असतो. तिसऱ्या रविवारी जे मूल आलेच नव्हते, त्याला चौथ्या रविवारी सामान्यरूप विचारून काही साधत नाही; जे आत गेलेच नाही ते बाहेर कसे येणार? त्या मुलाला त्या चार मिनिटांत मागच्या धड्याची दोन सोडवलेली उदाहरणे वाचायला द्या आणि त्याला मोजणीत धरू नका. त्या दिवशी आकडा सतरापैकी लिहा. गुणांबद्दल पालक विचारतील. कागदाच्या तुकड्यांचे गुण चाचणीत मिळवू नका आणि घरीही पाठवू नका. गुण आले की शेजाऱ्याच्या कागदावर नजर जाते, आणि तशी नजर गेल्यावर आपल्या चौकटीतला आकडा कशाचाच राहत नाही. पहिल्या दोन-तीन रविवारी मुले कुरकुरतील, कारण विसरलेले आठवणे हे वाचण्यापेक्षा कष्टाचे आहे. तुकडे त्यांच्याकडेच राहू द्या. सातव्या रविवारचा तुकडा दुसऱ्या रविवारच्या तुकड्याशेजारी ठेवून बघायला सांगितले की बहुतेकांची तक्रार आपोआप थांबते.

नवव्या रविवारी नवीन मोठा घटक नाही, त्यामुळे ठरलेल्या तीन घटकांबरोबर सातवाही विचारून घ्या, कारण त्याला आतापर्यंत एकच भेट मिळालेली आहे. एकूण सोळा मिनिटे जातील. मग टाचणवहीचे शेवटचे पान उघडा आणि ज्या ओळीत शेवटचा आकडा सर्वांत लहान आहे, तिथून सुरुवात करा. दोन, फार तर तीन घटकांवर पाऊण तास द्या, आणि तिथेही क्रम तोच: आधी दोन प्रश्न कागदावर, मग फळा. आठही घटक पहिल्यापासून सांगण्याचा मोह त्या दिवशी फार होतो, विशेषतः पालक दाराशी उभे असतात तेव्हा. पण ज्या घटकात सोळा-सतरा मुलांना येते आहे, तो सांगताना बाकीच्या दोघांना आपण शेवटी वेगळे बसवून सांगितलेलेच बरे. उरलेल्या वेळात तत्सम शब्दांचे अपवाद.

चाचणी ही सुद्धा एक भेटच आहे. पेपर तपासून पुढच्या रविवारी परत द्या आणि चुका त्याच दुसऱ्या रंगाच्या पेनाने दुरुस्त करून घ्या. महिन्याने दिलेल्या पेपरातली दुरुस्ती कोणी मन लावून वाचत नाही.

या वेळापत्रकाची एक उणीव आहे. सातव्या घटकाला दोन भेटी मिळतात आणि आठव्याला एकच. चाचणी लगेच असल्याने तिथे त्यांचे आकडे चांगले येतील, पण ते फसवे असतील. हीच मुले पुढच्या दहा रविवारांच्या गटात गेली की त्याच्या मध्यावर हेच दोन घटक गायब झालेले आढळतील. म्हणून पुढच्या गटाच्या पहिल्या रविवारी, जेव्हा विचारायला त्या गटाचा जुना घटक नसतोच, तेव्हा ती चार मिनिटे ऱ्हस्व-दीर्घाला द्या, दुसऱ्या रविवारी नव्या पहिल्या घटकाबरोबर शब्दयोगी अव्यये घ्या, आणि तिसऱ्या रविवारी, जेव्हा वेळापत्रकात एकच घटक असतो, पुन्हा ऱ्हस्व-दीर्घ, या वेळी शरीर आणि गरीब हे दोन्ही शब्द शेजारी ठेवून. ‘शरीरात’ आणि ‘गरिबाला’ एकाच तुकड्यावर बरोबर लिहिणारी मुले किती निघतात, तो आकडा मला जरूर कळवा.